वर्तुळाच्या गणितात गुण कशाला मिळतात?

नाशिक रोडला दहावीच्या मुलांसाठी मी वर्तुळ प्रकरणावर सराव प्रश्न काढते आणि गुणदान योजना प्रश्नांसोबतच देते. बोर्डाचा गणित भाग 2 चा पेपर 40 गुणांचा असतो. मुलांचे बहुतेक गैरसमज पुढच्या दोन प्रश्नांत सापडतात.

प्रश्न 1 (2 गुण). केंद्र O असलेल्या वर्तुळाला P मधून PA, PB या स्पर्शिका काढल्या. A, B हे स्पर्शबिंदू. ∠APB = 50°, तर ∠AOB किती?

गैरसमज: आकृतीत काटकोन दिसतोच, कारण कशाला लिहायचे?

वस्तुस्थिती: पहिला गुण त्या कारणालाच आहे. ∠OAP = ∠OBP = 90° लिहून शेजारी ‘स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय’ लिहायचे. चौकोनाच्या कोनांची बेरीज 360°, म्हणून ∠AOB = 130°. हा दुसरा गुण.

प्रश्न 2 (3 गुण). P मधून काढलेली स्पर्शिका वर्तुळाला T मध्ये स्पर्श करते. P मधून केंद्र O मधून जाणारी छेदिका वर्तुळाला आधी B मध्ये, मग C मध्ये छेदते. PT = 12, PB = 8, तर त्रिज्या काढा.

उत्तर: PT² = PB × PC (स्पर्शिका-छेदिका प्रमेय), 1 गुण. 144 = 8 × PC, म्हणून PC = 18, 1 गुण. BC = 18 − 8 = 10 हा व्यास, त्रिज्या 5, 1 गुण.

गैरसमज: प्रमेयात छेदिकेचे दोन तुकडे गुणायचे.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त मुले इथेच घसरतात. PB × BC = 144 घेतले की BC = 18 आणि त्रिज्या 9 येते. आकडे सुटसुटीत, म्हणून शंकाही येत नाही. प्रमेयातली दोन्ही अंतरे बाहेरच्या P पासूनच मोजायची असतात. चूक पकडायला OT जोडा. त्रिज्या 9 असेल तर OP = 17, आणि 17² − 9² = 208; पण PT² तर 144 आहे. त्रिज्या 5 घेतली की OP = 13, आणि 13² − 5² = 144.

गैरसमज: पायथागोरसने सोडवले तर गुण जातात.

वस्तुस्थिती: जात नाहीत. त्रिज्या r मानून (8 + r)² = r² + 144 लिहिले की 16r = 80, r = 5. मात्र T पाशी काटकोन का, हे लिहिले नाही तर माझ्या योजनेत एक गुण कमी होतो.

गैरसमज: उत्तर चुकले की शून्य.

वस्तुस्थिती: BC = 10 काढून त्यालाच त्रिज्या म्हटले, तरी आधीच्या पायऱ्यांचे 2 गुण हातात राहतात. नुसते ‘5’ लिहिणाऱ्याला मी एकच देते. त्यामुळे पायऱ्या गाळू नका, आणि त्रिज्या मिळाली की PT पुन्हा काढून पाहा.