खडकाला गुण देताना

सह्याद्रीतल्या घट्ट काळ्या पाषाणाचा तुकडा प्रयोगशाळेतल्या यंत्रात दाबला, तर तो चौरस सेंटिमीटरला दीड टन भार सहज सोसतो. तरीही अशाच पाषाणात खोदलेल्या बोगद्याचं छत कोसळू शकतं. बोगद्यात दगड चिरडून पडत नाही. भेगांनी आधीच सुटे झालेले ठोकळे खालचा आधार गेला की निसटतात.

दक्षिण आफ्रिकेत रिचर्ड बिनियाव्स्की यांनी 1973 मध्ये मांडलेली ‘रॉक मास रेटिंग’ ही पद्धत या निरीक्षणावर उभी आहे. साइटवर तिला ‘आरएमआर’ म्हणतात. खडकाला 100 पैकी गुण द्यायचे. त्यात दगडाच्या ताकदीला जास्तीत जास्त 15, तर भेगांच्या अवस्थेला 30. भेगांमधलं अंतर आणि ‘आरक्यूडी’ यांना प्रत्येकी 20, पाण्याला 15. आरक्यूडी म्हणजे ड्रिलने काढलेल्या दगडी कांडीत 10 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांचं प्रमाण. शेवटी भेगांचा कल बोगद्याच्या दिशेला कितपत घातक आहे ते पाहून 12 पर्यंत गुण कापतात.

समजा, बसाल्टमध्ये 10 मीटर रुंद बोगदा चालला आहे. सुरुंग उडवून, धूर निवळून, लोंबणारे दगड पाडून झाले की भूवैज्ञानिक खोदकामाच्या पुढच्या भिंतीसमोर, म्हणजे ‘फेस’पाशी उभा राहतो. आजचा दगड ताकदवान आहे: 12. आरक्यूडी 80 टक्के: 17. भेगा सुमारे 40 सेंटिमीटरवर: 10. त्या खरबरीत आणि जवळजवळ मिटलेल्या: 25. नुसती ओल आहे: 10. बेरीज 74, कलापोटी 5 गेले, उरले 69. हा दुसरा वर्ग, ‘चांगला खडक’. 10 मीटरचं छत आधाराविना साधारण वर्षभर टिकेल, असा या वर्गाचा ढोबळ अंदाज. छतात जिथे गरज वाटेल तिथे 3 मीटर लांबीचे रॉक बोल्ट अडीच मीटरच्या अंतराने, आणि लागेल तिथे 5 सेंटिमीटर शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट, एवढ्यावर काम भागतं.

थोडं पुढे गेल्यावर एक चुरडलेला पट्टा लागतो. दगड तोच, त्याचे 12 कायम. पण आरक्यूडी 40 वर घसरला: 8. भेगा 15 सेंटिमीटरवर: 8. त्यांत तीनेक मिलिमीटर चिकणमाती: 10. छतातून थेंब टपकताहेत: 4. बेरीज 42, आणि पट्ट्याचा कल प्रतिकूल म्हणून 10 वजा. उरले 32, म्हणजे चौथा वर्ग. इथे अंदाज असा, की अडीच मीटरचंही छत जेमतेम 10 तास टिकेल. मग पूर्ण उंची एकदम खोदता येत नाही. आधी वरचा भाग, तोही एका वेळी मीटर-दीड मीटरच. बोल्ट 4 ते 5 मीटरचे आणि दाटीने, सोबत पोलादी जाळी, छतावर 10 ते 15 सेंटिमीटर शॉटक्रीट, गरज पडली तर दीड-दीड मीटरवर पोलादी कमानी. आधार खोदकामाबरोबरच चढवायचा, सवडीने नाही.

हा तक्ता 10 मीटर रुंदीच्या, सुरुंगाने खोदलेल्या बोगद्यासाठी आहे. रुंदी वाढली की तो जसाच्या तसा उचलता येत नाही. आणि बोगद्याच्या कंत्राटात पैसे बऱ्याचदा खडकाच्या वर्गावर ठरत असल्यामुळे वर्गांच्या सीमेवरच्या दोन-चार गुणांवरून फेसपाशी वाद झडतात, हेही सांगायला हवं. अशा वेळी अर्ध्या चांगल्या आणि अर्ध्या वाईट फेसची सरासरी काढण्याचा मोह होतो. ठोकळा मात्र वाईट अर्ध्यातूनच सुटतो.

बसाल्टमध्ये आरक्यूडीही फसवतो. लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगा पुष्कळदा उभ्या असतात आणि तपासणीचं भोकही उभंच पाडतात. ड्रिल दोन भेगांच्या मधून खाली उतरतं, कांडी अखंड निघते आणि कागदावर खडक उत्तम ठरतो. तिरपं भोक पाडलं की खरी भेगाळ जात कळते.

त्याहून फसवा असतो लाव्हाच्या दोन थरांमधला लालसर मातकट थर, ‘रेड बोल’. ताजा उघडला की त्यात भेगा कमी दिसतात, त्यामुळे गुण बरे पडतात. पण हवा-पाणी लागलं की तो फुगतो, सुटतो आणि वरच्या घट्ट बसाल्टचा पाया खचतो. या झिजण्याला आरएमआरच्या तक्त्यात रकाना नाही. म्हणून रेड बोल दिसला की अनुभवी अभियंता बेरजेसाठी थांबत नाही. आधी शॉटक्रीट मारून तो थर झाकतो, आणि मग छत खाली सरकतंय का हे पाहायला मापनाच्या खुणा बसवतो.