ख, ती आणि ह्वा: चिनी अक्षराचा पत्ता कसा शोधतात

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 च्या डिसेंबरमध्ये तिथेच वारले. चीनमध्ये ते आजही ओळखले जातात ते तीन अक्षरांच्या नावाने: 柯棣华. पहिल्या दोन अक्षरांत ‘कोटणीस’चा आवाज पकडायचा प्रयत्न आहे. शेवटचे 华, म्हणजे चीन, हे अक्षर पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी होते, नागपूरच्या डॉ. चोळकरांच्याही. रोमनमध्ये हे नाव Ke Dihua असे लिहितात आणि आपली वर्तमानपत्रे ते ‘के दिहुआ’ छापतात. चिनी तोंडून मात्र साधारण ‘ख-ती-ह्वा’ असे ऐकू येते. चिनीच्या रोमन लेखनात k म्हणजे ख आणि d म्हणजे त. हा महाप्राण-अल्पप्राणाचा भेद इंग्रजी कानाला जड जातो, मराठी कानाला नाही.

आता समजा, हे नाव कुणी न सांगता नुसते कोरलेले दिसले. पहिले अक्षर 柯. याचा उच्चार काय, अर्थ काय? मराठी कोशात शब्द शोधताना आपण क, का, कि या क्रमाने जातो, कारण अक्षर दिसले की उच्चार कळतो. इथे उच्चारच माहीत नाही. मग कोश उघडायचा कुठे? हा प्रश्न चिनी पंडितांनाही पडला होता.

इसवी सन 100 च्या सुमारास श्यू शेन या पंडिताने ‘श्वोवेन’ नावाचा कोश रचला. त्याने 9,353 अक्षरे घेतली आणि त्यांच्यात समान दिसणाऱ्या भागांवरून त्यांचे 540 गट पाडले. झाडाचे चिन्ह असलेली सगळी एका गटात, पाण्याची दुसऱ्या. प्रत्येक गटाच्या डोक्यावर ते समान चिन्ह. त्याला चिनीत ‘पूशौ’ म्हणतात, म्हणजे विभागाचा प्रमुख. शिकणारे लोक इंग्रजीवरून ‘रॅडिकल’ म्हणतात. 540 गट हाताळायला फार होते. 1615 मध्ये मेइ यिंगत्सुओ याने ते 214 वर आणले, आणि गटही अक्षरेही फटकाऱ्यांच्या, म्हणजे कुंचल्याच्या एकेका ओढीच्या, संख्येनुसार लावले. त्याचीच व्यवस्था खांगशी बादशहाच्या 1716 च्या कोशाने उचलली. तिथे 47 हजारांवर अक्षरे आहेत. बादशाही शिक्का बसला आणि 214 हा आकडा कायम झाला. आजच्या चीनमधल्या प्रमाण यादीत मुख्य रॅडिकल 201 आहेत.

शाळकरी मुलांच्या दप्तरात असतो तो छोटा शिनह्वा कोश. त्यात 柯 शोधून पाहू. डावीकडे 木 आहे, झाड किंवा लाकूड. उजवीकडे 可. डावी-उजवी जोडी असली की सहसा डावीकडचा भाग रॅडिकल असतो, म्हणून 木 धरायचे. त्याचे फटकारे चार. कोशाच्या सुरुवातीला रॅडिकलांची यादी असते; तिथे चार फटकाऱ्यांच्या रकान्यात 木 सापडते आणि त्यापुढे पान क्रमांक. त्या पानावर झाडाच्या गटातली सगळी अक्षरे, उरलेल्या फटकाऱ्यांच्या संख्येनुसार. म्हणून आता 可 चे फटकारे मोजायचे.

नवशिका इथेच फसतो. 可 मधला चौकोन 口 हा आपल्याला चार रेषांचा दिसतो, पण लिहिताना वरची आणि उजवी बाजू कुंचला न उचलता एकाच ओढीत काढतात. म्हणून चौकोन तीन फटकाऱ्यांचा. वरची आडवी रेघ एक, चौकोन तीन, शेवटची हूक असलेली उभी एक: एकूण पाच. ज्याने सहा मोजले तो भलत्या रकान्यात डोळे फोडत बसतो. अक्षर सापडत नाही तेव्हा आधी एक फटकारा कमी-जास्त करून शेजारचे रकाने पाहावेत, मग रॅडिकलविषयी शंका घ्यावी. पाचांच्या रकान्यातही पहिल्या फटकाऱ्याच्या दिशेप्रमाणे क्रम असतो आणि 可 आडव्या रेघेने सुरू होते, म्हणून 柯 सुरुवातीच्याच गटात मिळते. शेजारी मुख्य कोशातला पान क्रमांक. ते पान उघडले की उच्चार ख, अर्थ झाडाची फांदी किंवा कुऱ्हाडीचा दांडा, शिवाय आडनाव.

दुसरे अक्षर 棣 त्याच वाटेने मिळते: पुन्हा 木, आणि उजवीकडच्या 隶 चे आठ फटकारे. अर्थ, एका जातीची वनस्पती.

तिसरे 华 मात्र वाट अडवते. वर 化, खाली 十. वर-खाली रचना असेल तर वरचा भाग घ्यावा असा नियम, पण 化 हा रॅडिकलांच्या यादीतच नाही. म्हणून खालचा 十, म्हणजे दहा, घ्यायचा आणि उरलेले चार फटकारे मोजायचे. हीच अडचण तैवानमध्ये छापलेल्या कोशात वेगळी होते, कारण तिथे हे अक्षर जुन्या रूपात, 華, असे असते आणि गवताच्या रॅडिकलखाली मोडते. मूळ अर्थ फूल. चीनने 1956 पासून अक्षरे सोपी केली तेव्हा गवत गेले आणि अक्षर ‘दहा’च्या घरात राहायला आले. फुलाशी किंवा चीनशी दहाचा काही संबंध नाही.

रॅडिकल म्हणजे अक्षराचा अर्थ, असे पुष्कळ पुस्तके सुरुवातीला ठसवतात. ते अर्धेच खरे आहे. रॅडिकल हा कोशकाराने चिकटवलेला पत्ता आहे. पत्ता बरेचदा अर्थाशी जुळतो, कारण श्यू शेनने गट पाडले तेच अर्थाच्या अंगाने. पण कोश बदलला की पत्ता बदलू शकतो. विचारणे या अर्थाचे 问 घ्या. दारात तोंड आहे: 门 दार, 口 तोंड. विचारायचे तोंडाने, म्हणून खांगशी कोशाने ते तोंडाखाली ठेवले. आजचे कोश बाहेरचा भाग घ्या या नियमाने दाराखाली ठेवतात. शोधायला नवा नियम सोपा आहे, लक्षात ठेवायला जुना. शोधणे आणि स्मरण या दोन वेगळ्या कामांसाठी अक्षर दोन वेगळ्या तऱ्हांनी फोडावे लागते.

स्मरणासाठी कामाचा प्रश्न असा: यातला कोणता भाग अर्थ सांगतो आणि कोणता आवाज? चिनी अक्षरांपैकी मोठा बहुसंख्य वाटा, साधारण ऐंशी टक्क्यांहून अधिक, अशा जोडीचा आहे. 柯 मध्ये 木 अर्थाकडे बोट दाखवते आणि 可 आवाज सांगते. एकट्या 可 चा उच्चारही ख, फक्त सूर वेगळा. 华 मध्ये वरचा 化 ह्वा असाच उच्चारतात. म्हणजे सोपे करताना अर्थाचे गवत काढले खरे, पण आवाजाची खूण नवी घातली. कोश जो भाग बाजूला टाकतो तोच इथे कामाचा निघाला.

可 चे घराणे मोठे आहे. पाण्याचे तीन थेंब लावले की 河, नदी, उच्चार ह. माणूस लावला की 何, काय किंवा कोण, तोही ह. एकावर एक दोन 可 ठेवले की 哥, थोरला भाऊ, उच्चार क. त्याला उघड्या तोंडाचे चिन्ह जोडले की 歌, गाणे, तेही क. क, ख, ह. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही बेशिस्त वाटते. आपण वर्णमाला पाठ केलेली असल्यामुळे तिन्ही कंठातून येतात हे चटकन उमगते. ही अक्षरे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी घडली तेव्हा उच्चार आणखी जवळचे होते. पुढे बोली सरकली, लिखाण तसेच राहिले. म्हणून ध्वनिघटक नेमका उच्चार सांगत नाही, वर्ग सांगतो. 棣 मध्येही हेच: 隶 चा उच्चार ली, अक्षराचा ती, दोन्ही दंत्य. कधी मात्र घसरण फार होते. 青 (छिंग) या घटकाने 清 स्वच्छ, 请 विनंती, 晴 निरभ्र, 情 भावना अशी चार छिंग दिली. चौघांत फरक सुराचा आणि डावीकडच्या पाणी, वाणी, सूर्य, मन यांचा. पण त्याच घटकाचे 猜, अंदाज करणे, हे त्साय झाले. अशा वेळी घटकावर विसंबून मोठ्याने वाचले की समोरच्याला काहीच कळत नाही.

अर्थघटकही एवढेच सांगतो की गोष्ट कोणत्या परिसरातली. 木 पूल, खुर्ची, पेला, यंत्र अशा सगळ्यांत आहे, कारण त्या वस्तू कधीकाळी लाकडाच्या होत्या. शिवाय वेष बदललेले घटक असतात. चेहरा, यकृत, लठ्ठ यांच्या अक्षरांत डावीकडे 月 दिसतो, तो चंद्र नाही. ‘मांस’ या चिन्हाचे ते आकसलेले रूप आहे.

या सगळ्यामुळे बरेच जण गोष्टी रचतात. 妈, आई, मध्ये स्त्री आणि घोडा आहे. मग ‘आई घोड्यासारखी राबते’. गोष्ट लक्षात राहते, पण घोडा, 马, तिथे केवळ ‘मा’ या आवाजासाठी आहे. गोष्टीत तो अर्थ होऊन बसला, की त्याच घोड्याचे 吗, वाक्याला प्रश्न करणारे ‘मा’, पुढे आले तेव्हा नवी गोष्ट रचावी लागते. आवाज ओळखला असता तर दोन्ही एकदम पाठ झाली असती. माझ्या मते गोष्ट तिथेच रचावी जिथे घटक ना अर्थ सांगतो ना आवाज. सोप्या केलेल्या अक्षरांतला 又 असाच आहे. कोंबडीच्या 鸡 मध्ये, हान लोकांच्या 汉 मध्ये, ‘बरोबर’ या 对 मध्ये तो जुन्या किचकट भागांच्या जागी नुसता बसवला आहे. तिथे वाटेल ती गोष्ट चालेल.

फोनवर बोटाने अक्षर काढून शोधता येते, त्यामुळे कागदी कोशाची ही कसरत आता थोडे लोक करतात. तरी फोनने उच्चार सांगितल्यावरही अक्षर अर्थघटक आणि ध्वनिघटक असे फोडून वहीत लिहावे, आणि त्याच ध्वनिघटकाची आधी शिकलेली अक्षरे शेजारी मांडावीत. 214 रॅडिकलांची यादी आधी पाठ करा, हा सल्ला मात्र खुशाल दुर्लक्षावा. तिच्या शेवटी 龠 आहे, सतरा फटकाऱ्यांचे, बासरीसारख्या एका जुन्या वाद्याचे, आणि त्याखालचे एकही अक्षर तुम्हाला वर्षानुवर्षे भेटणार नाही. पाणी, मन, हात, वाणी, झाड, स्त्री, माणूस, तोंड, धातू, गवत अशा चाळीस-पन्नासांपासून सुरुवात करा. बाकीचे अक्षरांबरोबर येतील तेव्हा शिकता येतात.