पाणी राखणारा पाश

मूत्रपिंडातल्या बारीक नळीत क्षार बाहेर काढणारे पंप असतात. त्यांची ताकद बेताचीच. नळीच्या आत आणि बाहेर ते साधारण २०० मिलिऑस्मोलचा फरक पाडू शकतात. मिलिऑस्मोल म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कणांचं माप. रक्ताचं हे माप ३०० च्या आसपास असतं. मग पंप फार तर ५०० पर्यंत नेतील. तरीही पाणी कमी मिळालं की माणसाची लघवी १२०० पर्यंत दाट होते. हे जमतं ते नळीच्या आकारामुळे.

ही नळी मूत्रपिंडाच्या गाभ्यात खोल उतरते, वळते आणि शेजारूनच वर येते. याकोब हेन्ले यांनी १८६२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला हेन्लेचा पाश म्हणतात. उतरत्या बाजूतून पाणी बाहेर पाझरतं. चढत्या बाजूतून पाण्याचा थेंबही बाहेर जात नाही, मात्र तिथले पंप क्षार बाहेर टाकतात.

सुरुवातीला सगळीकडे ३०० आहे असं धरू. पंप सुरू झाले की चढत्या बाजूत २०० उरतात आणि बाहेर ४०० होतात. बाहेर खारं झाल्यामुळे उतरत्या बाजूतलं पाणी निघून जातं, तीही ४०० वर पोचते. आता वरून नवा द्रव येतो आणि हा ४०० चा द्रव वळणापलीकडे, चढत्या बाजूत ढकलला जातो. इथेच सगळी गंमत आहे. त्याच पंपांना आता ३०० ऐवजी ४०० पासून सुरुवात करायला मिळते. तिथे आत ३०० उरतात, बाहेर ५०० होतात. असं अखंड चालू राहिलं की वळणाजवळचा भाग सर्वांत खारट होतो. सगळ्यात आतल्या थरात या कामाला युरियाचीही मोठी मदत होते.

पण पाशातून बाहेर पडणारा द्रव उलट पातळच असतो. लघवी दाट होते ती पुढे, संग्राहक नलिकेत. ही नलिका त्याच खारट गाभ्यातून खाली जाते. शरीरात पाणी कमी असलं की मेंदूतून एडीएच हे संप्रेरक सुटतं, नलिकेच्या भिंतीत पाण्याच्या वाटा उघडतात आणि पाणी बाहेर ओढलं जाऊन रक्तात परततं. रोज ६०० मिलिऑस्मोल टाकाऊ पदार्थ बाहेर काढायचे असतील, तर अशी दाट लघवी अर्धा लिटर पुरते. रक्ताइतकीच पातळ असती तर दोन लिटर लागली असती.

नंदुरबार, गडचिरोलीकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात नेमकं हेच बिघडतं. गाभ्यात रक्त संथ वाहतं, प्राणवायू कमी असतो, त्यात खारेपणा. तिथे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि खोलवर गेलेले पाश निकामी होतात. मग रात्रभर पाणी न पिताही मुलाची सकाळची लघवी पातळच असते, विशिष्ट गुरुत्व १.०१० च्या आसपास अडकतं. अशी मुलं अंथरूण ओलं करतात, तेव्हा त्यांचं पाणी तोडणं धोक्याचं आहे. शरीर कोरडं पडलं की पेशी आणखी वाकतात.