चकतीच्या आत आणि बाहेर

अकरावीच्या गणितात |z − 1| ≤ 2 अशी ओळ समोर आली की बरेच विद्यार्थी z च्या जागी x + iy घालतात, वर्ग करतात आणि तीन-चार पायऱ्यांनी (x − 1)² + y² ≤ 4 पर्यंत पोचतात. उत्तर बरोबरच असते. पण ही ओळ नुसती वाचली तरी आकृती डोळ्यांपुढे उभी राहते, कारण दोन संमिश्र संख्यांच्या वजाबाकीचा मापांक म्हणजे त्या दोन बिंदूंमधले अंतर. १ या बिंदूपासून ज्यांचे अंतर २ किंवा त्याहून कमी आहे, ते सगळे बिंदू इथे मागितले आहेत. वास्तव अक्षावर १ या ठिकाणी कंपासचे टोक रोवायचे, २ एककांची त्रिज्या घेऊन वर्तुळ काढायचे आणि आतला भाग रंगवायचा. ही चकती वास्तव अक्षावर −१ पासून ३ पर्यंत पसरते.

संमिश्र संख्या अशा प्रतलावर मांडायची कल्पना कास्पर वेसेल याने १७९७ साली डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. हा माणूस पेशाने भूमापक होता, अंतरे आणि दिशा हा त्याचा रोजचा व्यवहार. त्याचा डॅनिश भाषेतला लेख जवळजवळ शंभर वर्षे फारसा कुणाच्या नजरेस आला नाही, आणि आकृतीला नाव मिळाले ते १८०६ मध्ये तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडणाऱ्या आर्गंडचे.

सर्वाधिक चुका होतात त्या चिन्हाच्या. |z + 1| ≤ 1 पाहिले की हात आपोआप केंद्र १ वर ठेवतो. अंतर मात्र वजाबाकीतून मिळते, म्हणून ते आधी |z − (−1)| असे लिहून घ्यावे; केंद्र −१ वर आहे हे मग लगेच दिसते. पडताळा सोपा आहे. शून्य घालून बघावे: |0 + 1| = 1, म्हणजे शून्य बरोबर कडेवर. चिन्ह ≤ ऐवजी < असते, तर ही कड प्रदेशात धरली नसती आणि वर्तुळ तुटक रेषेने काढावे लागले असते.

ही छोटी, डावीकडे सरकलेली चकती संगणकावरच्या आकडेमोडीत फार मोलाची आहे. एखादी राशी काळानुसार बदलते आणि तिच्या बदलाचा वेग तिच्या λ पट आहे, असे समजा. ऑयलरने १७६८ मध्ये छापलेल्या रीतीने काळाचे h एवढे लहान तुकडे पाडले, तर प्रत्येक पायरीला राशी 1 + hλ ने गुणली जाते. hλ ला z म्हटले की गुणक होतो 1 + z. त्याचा मापांक १ च्या वर गेला, तर आकडे पायरीगणिक फुगत जाणार. उत्तर काबूत राहण्याची अट म्हणजे |z + 1| ≤ 1, तीच चकती.

एक तापलेली बारीक तार घ्या. भोवतालच्या हवेपेक्षा ती ८० अंशांनी गरम आहे आणि λ = −१० प्रति सेकंद आहे. h = ०.०५ सेकंद ठेवले, तर z = −०.५ चकतीच्या आत पडतो. फरक ८०, ४०, २० असा उतरतो. h = ०.२५ केले की z = −२.५ बाहेर जातो आणि गुणक होतो −१.५. मग फरक ८०, −१२०, १८०, −२७० असा उड्या मारू लागतो. थंड होणारी तार हवेपेक्षा १२० अंशांनी गार झालेली दिसली, की पायरी फार मोठी घेतली हे ओळखावे.

लंबकाची गोष्ट आणखी बोलकी आहे. घर्षण नसलेल्या लंबकाच्या छोट्या झोक्यांसाठी λ शुद्ध कल्पित असतो, त्यामुळे z कल्पित अक्षावर पडतो. तो अक्ष आपल्या चकतीला फक्त शून्यावर स्पर्श करतो; म्हणून पायरी कितीही लहान घेतली तरी z बाहेरच राहतो. z = ०.१i धरला, तर −१ पासूनचे अंतर √1.01, म्हणजे साधारण १.००५. पायरीमागे अर्धा टक्का वाढ नजरेत भरत नाही. हजार पायऱ्यांनंतर मात्र झोका सुमारे १४५ पट मोठा झालेला असतो, जे खरा लंबक कधीच करणार नाही.

ऑयलरच्या रीतीचे एक उलटे रूप आहे. त्यात बदलाचा वेग पायरीच्या सुरुवातीऐवजी शेवटी मोजतात आणि गुणक 1/(1 − z) होतो. आता अट |z − 1| ≥ 1 अशी येते: केंद्र १, त्रिज्या १, आणि रंगवायचा तो चकतीबाहेरचा सारा प्रदेश, कडेसकट. तारेचा −२.५ यात निर्धास्त बसतो. लंबकाचा ०.१i सुद्धा बसतो, पण त्याचे १ पासूनचे अंतर तेच १.००५ आहे आणि आता त्याने भागले जाते. हजार पायऱ्यांनंतर झोक्याचा १४५ वा हिस्सा तेवढा उरतो.