कोंडीची लढाई : सांडशी-चाल आणि युद्धकैद्यांची संख्या

प्रस्तावना

किल्ल्याला वेढा पडतो तेव्हा आतल्या शिबंदीपाशी तट असतो, धान्याची कोठारे असतात, पाण्याची टाकी असतात. म्हणून वेढा महिनोन्‌महिने चालू शकतो. मोकळ्या मैदानात लढणारे सैन्य चहूबाजूंनी अडवले गेले, तर त्याच्यापाशी यांपैकी काहीच नसते. या स्थितीला आपण ‘कोंडी’ म्हणू. कोंडीत सापडलेली अवाढव्य सैन्ये थोड्याच दिवसांत कैद का होतात, हे सप्टेंबर १९४१ मधील कीव्हच्या लढाईवरून समजून घेऊ.

सांडशीच्या दोन भुजा

कीव्हच्या परिसरात नीपर नदीच्या आधाराने सोव्हिएत सैन्य उभे होते. त्याचे तोंड पश्चिमेकडे होते. उत्तरेकडील जर्मन सैन्य मात्र स्मोलेन्स्कपर्यंत, म्हणजे बरेच पूर्वेला पोहोचले होते. त्यामुळे कीव्हच्या सैन्याची उत्तर बगल उघडी पडली. २५ ऑगस्टच्या सुमारास गुडेरियनचे रणगाडे मॉस्कोचा रोख सोडून दक्षिणेकडे वळले. १२ सप्टेंबरला क्लाइस्टच्या रणगाड्यांनी दक्षिणेकडील क्रेमेन्चुक येथून उत्तरेकडे चढाई सुरू केली. सप्टेंबरच्या मध्यास लोख्वित्साजवळ या दोन भुजा एकमेकींना भिडल्या. हे ठिकाण कीव्हच्या पूर्वेस सुमारे २०० किलोमीटरवर, म्हणजे सोव्हिएत सैन्याच्या पार पिछाडीला आहे.

मधल्या भागातील जर्मन पायदळ या काळात समोरच्या सैन्याला लढाईत गुंतवून ठेवत होते. हे काम दुय्यम वाटले तरी आवश्यक असते. मधले सैन्य मोकळे राहिले, तर सांडशी मिटण्यापूर्वीच ते निसटून जाते.

माघार आणि विलंब

धोका सोव्हिएत सेनापतींच्या लक्षात आला होता. ११ सप्टेंबरला मार्शल बुद्योन्नी यांनी माघारीची परवानगी मागितली. स्टालिनने ती नाकारली आणि त्यांच्या जागी तिमोशेन्को यांची नेमणूक केली. माघारीची परवानगी आली ती १७ सप्टेंबरच्या रात्री. तोवर कोंडी पूर्ण झाली होती. १९ तारखेला कीव्ह पडले. २० तारखेला कोंडी फोडून बाहेर पडण्याच्या प्रयत्नात आघाडीचे सेनापती किर्पोनोस मारले गेले.

इतके कैदी का?

समोरासमोरच्या लढाईत हरलेले सैन्य आपल्याच रस्त्याने मागे हटते. विजेत्याच्या हाती जखमी आणि मागे रेंगाळलेले तेवढे लागतात. कोंडीत हा रस्ताच शत्रूच्या ताब्यात असतो. त्यातून तीन गोष्टी घडतात. पहिली, रसद तुटते : इंधन संपले की वाहने थांबतात आणि दारूगोळा संपला की तोफा निरुपयोगी ठरतात. दुसरी, हुकमांची साखळी तुटते. तुकड्या एकमेकींपासून विलग होतात आणि प्रत्येक तुकडी आपापल्या अंदाजाने वाट शोधू लागते. तिसरी, केवळ लढणारे शिपाईच नव्हे, तर पिछाडीचे स्वयंपाकी, गाडीवान, कारकून, इस्पितळातील जखमी हे सगळेच वर्तुळात सापडतात. म्हणून कैद्यांची संख्या मृतांच्या तुलनेत फुगते. तिचा अर्थ सैनिक भ्याड होते असा नाही. लढण्याची साधने आणि परतीची वाट एकाच वेळी गेली, असा आहे.

आकडा कसा वाचावा?

जर्मनांनी सुमारे ६ लाख ६५ हजार कैद्यांचा दावा केला. सोव्हिएत नोंदींनुसार जुलै ते सप्टेंबर या संपूर्ण मोहिमेतील मृत, कैद आणि बेपत्ता मिळून सुमारे ६ लाख १६ हजार होतात. एकट्या कैद्यांचा आकडा या बेरजेहून मोठा असल्याने तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

मर्यादा

कोंडी करणाऱ्यालाही दोन तोंडांनी लढावे लागते : आतल्यांना बाहेर पडू द्यायचे नाही आणि बाहेरून येणारी मदत रोखायची. शिवाय रणगाडे पुढे धावतात आणि पायदळ मागून चालत येते. मधल्या काळात कड्यात फटी राहतात. कीव्हच्या कोंडीतूनही काही तुकड्या अशाच फटींतून निसटल्या.

समारोप

कोंडीत शरण आलेल्यांची लढाई तेथे संपते. त्यांचे भवितव्य मात्र कैद करणाऱ्याच्या हाती जाते. या युद्धात जर्मनांनी पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी सुमारे ३३ लाख कैदेत उपासमार, थंडी, रोगराई आणि गोळीबार यांना बळी पडले. कीव्हचे कैदी त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी छावण्यांत पोहोचले होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. वेढा आणि कोंडी यांतील फरक स्पष्ट करा.
२. कीव्हच्या सैन्याला १२ सप्टेंबरपूर्वी माघारीची परवानगी मिळाली असती, तर सांडशी-चालीचा कोणता टप्पा निष्फळ ठरला असता? कारणे द्या.