घागरा परत येईपर्यंत

तुळशीचं लग्न लागलं की लग्नाचे मुहूर्त सुरू होतात. मग कपडे भाड्याने देणाऱ्या इन्स्टाग्राम पेजवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागतो : "हा चौदा तारखेला मिळेल का?" रंग, माप, भाडं हे सगळं त्यानंतर. विचारणारीला घागरा एका संध्याकाळीपुरता हवा असतो. देणारीला मात्र त्या संध्याकाळीसाठी तो आठवडाभर अडकवून ठेवावा लागतो. या धंद्यातलं भाडं, अनामत, धुलाई आणि हिशेबाची वही या साऱ्याचं मूळ या एका फरकात आहे.

कपडे भाड्याने देणं महाराष्ट्राला नवं नाही. नाटकांसाठी आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी ड्रेपरीवाले मावळ्यांचे अंगरखे आणि कोळीनृत्याची लुगडी वर्षानुवर्षं देत आले आहेत. बदल झाला तो जागेत आणि गिऱ्हाइकात. आता घरातल्या एका खोलीत दोन रॅक लावून एखादी गृहिणी किंवा ब्लाऊज शिवणारी बाई शिवलेली नऊवारी, घागरे, शेरवानी आणि प्री-वेडिंग शूटचे लांबलचक गाऊन भाड्याने देते. दुकानाची पाटी म्हणजे इन्स्टाग्रामचं पेज, आणि गल्ला म्हणजे यूपीआय. गिऱ्हाईक बहुधा नवरी नसते. शालू किंवा पैठणी ती विकतच घेते. भाड्याचा कपडा लागतो तो करवलीला, संगीताच्या कार्यक्रमाला, रिसेप्शनला किंवा नवऱ्याच्या भावाला.

एका घागऱ्याचा हिशेब मांडून पाहू. समजा, तो १४,००० रुपयांना घेतला, तीन दिवसांचं भाडं २,८०० आणि अनामत ५,००० रुपये ठेवली. लग्न शनिवारी १४ तारखेला. घागरा शुक्रवारी संध्याकाळी जातो, रविवारी संध्याकाळी परत येतो. सोमवारी उजेडात त्याची तपासणी होते आणि तो ड्रायक्लीनरकडे जातो. तिथून बुधवारी किंवा गुरुवारी येतो. उसवलेलं शिवायचं, निघालेले मणी लावायचे, वाफेची इस्त्री करायची. पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती तो लवकरात लवकर शुक्रवारी २० तारखेला पडू शकतो. म्हणजे तीन दिवसांच्या भाड्यासाठी सात दिवस गेले. धुलाई, दुरुस्ती आणि इतर खर्चाला ८०० रुपये धरले, तर हाती २,००० उरतात. मूळ किंमत वसूल व्हायला तो सात वेळा चांगल्या अवस्थेत परत यावा लागतो, तेव्हा कुठे आठव्या वेळेपासून कमाई सुरू होते.

आता हाच घागरा रविवारऐवजी मंगळवारी रात्री आला असं समजा. ड्रायक्लीनरला तीन दिवस लागतात, म्हणजे शुक्रवारचं बुकिंग हुकलं. उशिराचा दंड रोज ५०० रुपये धरला, तरी १,००० रुपये मिळतील. पण पुढचं २,८०० रुपयांचं भाडं जातं, घेतलेली आगाऊ रक्कम परत करावी लागते, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी एका मुलीला "कपडा नाही" असं सांगावं लागतं. ती मुलगी हे पेजवर लिहिते. म्हणून अनुभवी बायका एका कपड्याची दोन बुकिंगं सलग आठवड्यांत घेताना त्याच मापाचा दुसरा एखादा कपडा राखून ठेवतात. त्या परतीची नुसती तारीख न ठरवता वेळही ठरवतात : रविवार, संध्याकाळी सात. रविवारी दुपारी आठवणीचा मेसेज जातो, कारण वऱ्हाड थकून झोपलेलं असतं आणि घागरा पलंगाखालच्या बॅगेत पडलेला असतो.

यासाठी नोंदवही लागते. प्रत्येक कपड्याला एक क्रमांक असतो, उदाहरणार्थ घा-०७, आणि तो सुती पट्टीवर लिहून नेफ्याच्या आत शिवून टाकलेला असतो. कागदी टॅग पहिल्याच धुलाईत जातो, आणि लाल रंगाचे तीन घागरे ड्रायक्लीनरकडे एकत्र गेले की कोणता कुणाचा हे ओळखता येत नाही. वहीत किंवा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये त्या क्रमांकासमोर सातही दिवस भरले जातात, फक्त लग्नाचा दिवस नाही. नव्याने सुरुवात करणारे नेमके इथे फसतात : १४ तारीख भरलेली दिसते, १८ तारीख मोकळी दिसते, आणि १८ चं बुकिंग घेतलं जातं. त्या दिवशी घागरा धुलाईत असतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये गप्पांना रंगीत लेबलं लावता येतात. 'अनामत आली', 'कपडा बाहेर', 'धुलाईत', 'अनामत परत' अशी चार लेबलं लावली तरी कोणता कपडा कुठे आहे हे एका नजरेत कळतं.

पेजवरच्या जाहिरातीत फोटो महत्त्वाचा, पण तो कपड्याचा स्वतःचा असावा लागतो. डिझायनरच्या जाहिरातीतला फोटो उचलून टाकणारी पेजेस पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाने हँगरवरच्या कपड्याचा, शक्यतो आजची तारीख लिहिलेल्या कागदासह, व्हिडिओ मागावा. कपडा खरोखर जवळ असलेल्या बाईला हे दोन मिनिटांचं काम असतं. मापाच्या बाबतीत 'फ्री साइज' हा शब्द काही सांगत नाही. छाती, कंबर आणि घागऱ्याची उंची इंचात लिहिलेली हवी, शिवाय आत किती कापड सोडलं आहे हेही. भाड्याच्या ब्लाऊजमध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच कापड दाबलेलं असतं आणि पाठीला दोरी असते. फिटिंग कच्च्या टाक्यांनी केलं जातं, म्हणजे पुढच्या वेळी ते उसवता येतं. गिऱ्हाइकाने घरी कात्री लावली, तर तो ब्लाऊज पुढच्या कुणालाच होत नाही.

अनामत किती असावी, हा सर्वांत नाजूक प्रश्न. पूर्ण किमतीएवढी मागितली तर गिऱ्हाईक निघून जातं. हजार रुपये ठेवली तर उशीर आणि डाग दोन्ही झाल्यावर पुरत नाही. व्यवहार्य रक्कम ती, जी दोन-तीन दिवसांचा उशीर आणि एखादी मोठी दुरुस्ती भरून काढते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कपातीचं दरपत्रक पैसे घेण्याआधी पाठवलेलं असावं : एका दिवसाच्या उशिराला किती, न निघणाऱ्या डागाला किती, दुपट्टा हरवल्यास किती. वाद बहुतेक वेळा रकमेवरून होत नाही. ती आधी सांगितली नव्हती यावरून होतो.

कायदाही इथे लागू होतो. १८७२च्या भारतीय करार कायद्यात वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देऊन ठरल्याप्रमाणे परत घेण्याच्या व्यवहाराची तरतूद आहे. नेणाऱ्याने ती स्वतःच्या वस्तूइतकी सांभाळली पाहिजे, आणि ठरल्या वेळी परत केली नाही तर त्या वेळेपासून तिचं जे नुकसान होईल ते त्याच्या माथी येतं. दुसरीकडे याच कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की करारात दंड लिहिलेला असला, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मागता येते. दुपट्ट्याची एक लटकन तुटली म्हणून पाचही हजार ठेवून घेणं या कलमात बसत नाही.

पैशांच्या व्यवहारात फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवून कपडा नेला जातो. म्हणून गिऱ्हाइकाचा मोबाइल पाहून चालत नाही, स्वतःच्या खात्यात रक्कम जमा झालेली पाहावी लागते. उलट बाजूला, "अनामत परत करतोय, पिन टाका" असं सांगून पैसे काढून घेतले जातात. यूपीआयचा पिन पैसे मिळवण्यासाठी कधीही लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवावं, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी ती अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. ओळखपत्र मागितलं तर मूळ आधार कार्ड कुणाकडे ठेवू नये. शेवटचे चार आकडेच दिसणारी मास्क केलेली प्रत यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळते.

कपडा देताना आणि घेताना एकाच क्रमाने व्हिडिओ काढला की निम्मे वाद उद्भवतच नाहीत. आधी घेराची कड, कारण माती आणि सँडलच्या टाचेचा फाटका तिथे सापडतो. मग ब्लाऊजची काख, गळ्याची पट्टी, जाळीचा दुपट्टा आणि त्यावरची सेफ्टी पिनची भोकं. शेवटी सुट्या वस्तू : कॅनकॅन, पट्टा, लटकन, पिशवी. रात्रीच्या ट्यूबलाइटखाली घामाचा डाग दिसत नाही, म्हणून परत आलेल्या कपड्याचा निकाल दुसऱ्या दिवशी उन्हाच्या उजेडात लावला जातो, आणि अनामत त्यानंतर परत केली जाते.

धुलाईत सगळ्यात जास्त कपडे बिघडतात, आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूने. हळदीचा डाग दिसला की गिऱ्हाईक साबण लावतं. साबण अल्कधर्मी असल्याने हळदीतलं कर्क्युमिन लाल होतं, घाबरून ते आणखी घासलं जातं आणि कापडाचा रंगच जातो. वास्तविक हळदीचा रंग उन्हात आपोआप फिका होतो. घामावर गरम इस्त्री फिरली तर डाग पिवळा होऊन पक्का बसतो. ड्रायक्लीनिंगही सरसकट सुरक्षित नाही. त्यातली द्रावणं चिकटवलेल्या खड्यांचा गोंद सोडवतात, आणि काही प्लास्टिकच्या टिकल्या त्यांत विरघळतात किंवा रंग सोडतात. म्हणून कपडा विकत घेतानाच खडे शिवलेले आहेत की चिकटवलेले, हे पाहावं लागतं, आणि ड्रायक्लीनरला ते आवर्जून सांगावं लागतं. जरीवर अत्तराचा थेट फवारा उडाला की ती काळवंडते. हा डाग मात्र धुलाईने जात नाही.

अंगाला टेकणाऱ्या भागासाठी साधी युक्ती आहे. ब्लाऊजला सुती अस्तर आणि काखेत बदलता येणाऱ्या पट्ट्या असल्या, तर दरवेळी तेवढंच काढून धुता येतं. ड्रायक्लीनिंगहून आलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिवसभर वाऱ्यावर ठेवतात, मग मलमलीत गुंडाळतात. जड घागरा हँगरवर महिनोन्महिने टांगला तर वजनाने नेफा ताणला जातो. तो सपाट घडी करून ठेवतात आणि घड्या अधूनमधून बदलतात. अमेरिकेत २००९ साली सुरू झालेल्या 'रेंट द रनवे' या कंपनीलाही न्यू जर्सीत स्वतःची मोठी धुलाई यंत्रणा उभारावी लागली. दोन रॅकवाल्या बाईला तेवढं शक्य नसतं. तिच्यासाठी जरी-खड्यांची जाण असलेला एक भरवशाचा ड्रायक्लीनर हीच यंत्रणा.

भाड्याने कपडा घेणाऱ्यांनी एवढं पाळावं : पैसे देण्याआधी व्हिडिओ आणि कपातीचं दरपत्रक मागावं, कपडा घरी धुऊ नये, त्याला इस्त्री करू नये. डाग पडलाच तर लपवू नये. कशाचा आणि किती वाजता पडला हे त्याच दिवशी कळवावं, कारण तो निघेल की नाही हे बहुधा त्या माहितीवरच ठरतं.