निळं बटण दाबलं तरी पट्टा हलता कामा नये

साखर कारखान्यात रस काढल्यावर उरलेला बगॅस पट्ट्यावरून बॉयलरकडे जातो. कुठेतरी तो तुंबतो, पट्टा जाम होतो, मोटर जास्त करंट ओढते आणि ओव्हरलोड रिले तिला बंद करतो. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. मला वेड आहे ते त्यापुढच्या काही मिनिटांचं.

रिलेमधल्या बायमेटलच्या पट्ट्या तापून वाकल्या की ९५-९६ हा संपर्क उघडतो. मोटर थांबल्यावर त्या थंड होऊन सरळ होतात. रिले ‘हँड’वर असेल तर बटण दाबेपर्यंत तो ट्रिपच राहतो, ‘ऑटो’वर असेल तर संपर्क आपला आपण जुळतो. स्टार्ट-स्टॉपची बटणं असतील तर तेही निभावतं. कॉन्टॅक्टर सुटताना त्याला धरून ठेवणारा त्याचाच १३-१४ हा संपर्कही सुटलेला असतो, त्यामुळे पुन्हा स्टार्ट दाबावंच लागतं. पण पट्टा वळवून ठेवायच्या स्विचवर चालत असेल, तर ‘चालू’चा हुकूम तसाच उभा असतो. रिले थंड होतो आणि बगॅस उपसायला वाकलेल्या माणसाच्या हाताखालून पट्टा निघतो.

आपल्याकडे शेतातल्या पंपांना ‘ऑटो स्विच’ लावतात तो याच जातीचा. वीज रात्री-अपरात्री येणार, तर शेतकऱ्याने विहिरीवर किती जागायचं? त्याची गरज खरी आहे. पण वीज गेलीय म्हणून पंपाला हात घालणाऱ्याला तो स्विच ओळखत नाही.

पीएलसीत हे सगळं दोन ओळींत मावतं, आणि या दोन ओळी माझ्या फार लाडक्या आहेत.

```
Fault(S1 := NOT OL_OK, R := ResetPulse);
Run(S := StartPulse, R1 := Fault.Q1 OR NOT StopOK);
```

पहिली ओळ SR प्रकारची, दुसरी RS प्रकारची. नावापुढचा १ जिथे लागतो ती बाजू वरचढ. दोष लक्षात ठेवणाऱ्या ओळीत दोष वरचढ हवा, म्हणजे रिले ट्रिप असताना कुणी रिसेट कितीही दाबला तरी दोष पुसला जात नाही. मोटर चालवणाऱ्या ओळीत उलट, तिथे थांबवणं वरचढ हवं, म्हणजे स्टार्ट आणि दोष एकाच वेळी आले तर मोटर थांबलेलीच राहते. या दोन्हींची अदलाबदल झालेले प्रोग्रॅम मी पाहिले आहेत. रोजच्या कामात ते अगदी बरोबर चालतात. तपासायचं असेल तर मोटरची मुख्य वीज तोडून ओव्हरलोडची वायर काढायची, ResetPulse फोर्स करून चालू धरायचा आणि दोष पुसला जातो का ते पाहायचं. OL_OK बंद संपर्कातून घेतलेला असल्यामुळे तुटलेली वायरसुद्धा दोषच मोजली जाते.

रिसेटने दोष पुसला तरी पट्टा उभाच राहतो, कारण Run आधीच पडलेला आहे आणि त्याला नवा स्टार्ट हवा आहे. ResetPulse आणि StartPulse हे बटण दाबल्याच्या क्षणाचे ठोके आहेत, दाबून धरल्याचे नव्हेत. रिसेटच्या बटणावर टेप चिकटवणारे महाभाग प्रत्येक पाळीत असतात. ठोका घेतला की त्यांची टेप वाया जाते.

एक फट मात्र उरते. वीज जाऊन आली की ठोका मोजणारा R_TRIG कोरा सुरू होतो आणि आधीपासून दाबलेल्या बटणालाच नवा ठोका समजतो. स्टार्टवर टेप असेल तर वीज येताच पट्टा चालू! म्हणून बटण सुटलेलं एकदा पाहिल्याशिवाय त्याचा ठोका मानायचा नाही. दोषाची आठवण विजेविनाही टिकेल अशी ठेवावी, नाहीतर पॅनल बंद-चालू करणं हाच रिसेट होऊन बसतो. मोटर चालू असल्याची आठवण मात्र तशी टिकवू नये.

हूटर बंद करायचं ‘अ‍ॅक्नॉलेज’ याहून वेगळं. ते दाबलं की आवाज थांबतो, लुकलुकणारा दिवा स्थिर होतो. अर्थ इतकाच, की कुणीतरी पाहिलं. दोष तसाच राहतो. काही ठिकाणी एका बटणाची काटकसर म्हणून त्यालाच रिसेटही जोडतात. मला ते अजिबात पटत नाही. हूटर कानाशी कोकलत असताना माणूस आवाज बंद करण्यासाठी बटण दाबतो, आणि त्याच दाबण्यात कारण न शोधता दोष पुसला जाऊ शकतो.

पॅनल पाहायला मिळालं की मी आधी रिसेट कुठे बसवलाय ते बघतो. तो बहुधा निळा असतो, हिरवा चालत नाही. जिथून सगळा पट्टा दिसतो, पण पट्ट्यात शिरलेल्या माणसाचा हात पोचत नाही, ती त्याची जागा. आणि एवढं करूनही साध्या पीएलसीच्या भरवशावर कुणी पट्ट्यात हात घालायचा नाही. आधी आयसोलेटर बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली आत जाणाऱ्याच्याच खिशात.